व्हिडिओ टाकला आणि कॉपीराइट क्लेम आला: गाणं काढायचं, बदलायचं की डिस्प्यूट करायचं?

व्हिडिओ पब्लिश होतो, थोड्या वेळाने मेल येतो की तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेला कंटेंट सापडलाय, आणि नवीन माणूस घाबरून व्हिडिओच डिलीट करतो आणि तोच परत अपलोड करतो. असं अजिबात करू नका. तेच गाणं आत असेल तर क्लेम पुन्हा येणारच, आणि आधीचे व्ह्यूज, कमेंट्स, लोकांना पाठवलेली लिंक सगळं जातं ते वेगळंच. यूट्यूबवर क्लेम आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ आहे तिथेच ठेवून, त्याच लिंकवर दुरुस्त करता येतो, फक्त कुठल्या क्लेमला काय करायचं हे आधी ठरवायला लागतं. हा लेख त्याबद्दलच आहे आणि मुख्यतः यूट्यूब धरून लिहिलाय, फेसबुक-इन्स्टाग्रामवर आवाज म्यूट झाला तर काय, ते शेवटाकडे थोडक्यात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. क्लेम म्हणजे यूट्यूबच्या Content ID नावाच्या सिस्टीमने तुमच्या व्हिडिओचा आवाज तिच्याकडे असलेल्या नमुन्यांशी ताडून बघितला आणि कुठेतरी जुळला, बस. तिथे कुणी माणूस बसून तुमचा व्हिडिओ बघत नसतो (काही क्लेम कंपन्या हातानेही टाकतात, पण ते कमी). याचा परिणाम फक्त त्या एका व्हिडिओवर होतो: जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही, किंवा सगळीकडेच ब्लॉक होतो, किंवा मालक नुसता आकडे बघत बसतो आणि तुम्हाला काहीच फरक पडत नाही. स्ट्राइक मात्र चॅनलवर येतो, तो मालकाने कायदेशीर टेकडाऊन रिक्वेस्ट, म्हणजे व्हिडिओ काढून टाकायची मागणी, पाठवली की येतो, आणि 90 दिवसांत असे 3 झाले तर चॅनल बंद होऊ शकतो. म्हणजे क्लेम आला म्हणून चॅनल धोक्यात, असं नसतं. क्लेमचा स्ट्राइक होऊ शकतो तो रस्ता पुढे सांगतो, कारण नेमकं तिथेच लोक रागाच्या भरात जाऊन अडकतात.

पहिलं काम: क्लेम नीट वाचा

हे सगळं कॉम्प्युटरवर करा, फोनच्या अ‍ॅपमध्येही बरंच होतं पण छोट्या स्क्रीनवर टाइमलाइन नीट दिसत नाही आणि चुकीच्या बटणावर बोट पडतं. यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे Content वर जा, व्हिडिओच्या ओळीत Restrictions नावाच्या रकान्यात Copyright असं लिहिलेलं दिसेल. त्यावर माउस नेला की छोटी खिडकी उघडते, तिथे See details दाबा. (बटणांची नावं आणि जागा अधूनमधून बदलतात, पण हा रस्ता साधारण असाच राहतो.)

आता जे पान उघडतं ते पाच मिनिटं शांतपणे वाचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या. कुठलं गाणं म्हणतायत, ते व्हिडिओत किती मिनिट किती सेकंदाला सापडलं, दावा कुणी केलाय आणि व्हिडिओवर परिणाम काय होतोय. चारही गोष्टी स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण नंतर क्लेम सुटला की हे पान रिकामं होतं आणि पुढच्या वेळी तसंच काही आलं तर दाखवायला हातात काही राहत नाही.

दिलेल्या वेळेवर जाऊन हेडफोन लावून ऐका. खरंच. बरेच जण हे करतच नाहीत, गाण्याचं नाव ओळखीचं नाही म्हणून लगेच खोटा क्लेम म्हणून मोकळे होतात. गाण्याचं नाव अनोळखी असलं तरी आवाज तोच असू शकतो, आणि उलटही होतं, नाव बरोबर पण तो तुकडा तुम्ही रीतसर लायसन्स घेऊन वापरलेला असतो.

अजून एक, एकाच जागेवर दोन क्लेम दिसले तर गोंधळू नका. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक चाल-शब्दांचा म्हणजे रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. दोन्हीचे मालक वेगळे असू शकतात, म्हणून क्लेमही दोन. गाणं काढलं तर दोन्ही सुटतात, पण डिस्प्यूट करायचं असेल, म्हणजे क्लेम चुकीचा आहे असं कळवायचं असेल, तर दोन्हीला वेगवेगळं करावं लागतं.

एक उदाहरण घेऊ, त्यावरच पुढे जाऊ

समजा सायकलची चेन कशी बदलायची याचा 9 मिनिटांचा व्हिडिओ आहे. सुरुवातीला 0:00 ते 0:38 इंट्रो म्युझिक, ते एका स्टॉक म्युझिकच्या साइटवरून सबस्क्रिप्शन घेऊन डाउनलोड केलेलं. मग 5:12 ते 6:05 मध्ये तुम्ही बोलताय, पण मागे गॅरेजमध्ये कुणाचा तरी रेडिओ चालू होता आणि त्यावर एक गाजलेलं गाणं वाजत होतं. व्हिडिओ पब्लिश केला आणि दोन क्लेम आले, एक इंट्रोवर आणि एक रेडिओच्या गाण्यावर. इंट्रोवरच्या क्लेममुळे पैसे दुसरीकडे जातायत, रेडिओच्या गाण्यामुळे व्हिडिओ काही देशांत ब्लॉक झालाय.

इथे दोन्ही क्लेम दिसायला सारखेच, पण दोघांचं उत्तर वेगळं. इंट्रोचं लायसन्स तुमच्याकडे आहे, म्हणजे तिथे डिस्प्यूट करता येतं. रेडिओच्या गाण्याचं काहीच नाही, ते मुद्दाम लावलं नव्हतं, फक्त मागे वाजत होतं, पण सिस्टीमला त्याचं काही पडलेलं नाही आणि हक्काच्या हिशोबात "मुद्दाम नव्हतं" हे कारण चालत नाही. तिथे एडिट करायचं, वाद घालायचा नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे संगीत वापरायची परवानगी माझ्याकडे लेखी आहे का? असेल तर डिस्प्यूट. नसेल तर काढा, बदला किंवा आहे तसं सोडून द्या. आणि सोडून देणं हाही खरंच एक पर्याय आहे बरं का, व्हिडिओ सगळीकडे दिसतोय, तुम्हाला त्यातून पैसे मिळवायचे नाहीत आणि क्लेम फक्त पैशांचा आहे तर काहीच न केलं तरी चालतं, चॅनलला त्याने धक्का लागत नाही.

ज्या कारणांवर लोक डिस्प्यूट करतात आणि हरतात ती पण इथेच सांगतो. डिस्क्रिप्शनमध्ये गायकाचं नाव दिलं होतं, चालत नाही. "कॉपीराइट मोडायचा हेतू नाही" असं लिहिलं होतं, चालत नाही. गाणं पैसे देऊन डाउनलोड केलंय, ते ऐकण्यासाठी होतं, व्हिडिओत लावायला नाही. फक्त काही सेकंद वापरलं, तर अमुक सेकंदांपर्यंत सगळं माफ असा कुठलाही नियम नाही, हा गैरसमज कुठून पसरला कोण जाणे पण तो फार महागात पडतो.

रेडिओचं गाणं काढायचं

ब्लॉक ज्याने झालाय ते आधी सोडवा, कारण ते आजच्या आज होऊ शकतं आणि त्याला कुणाच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही. क्लेमच्या पानावर त्या क्लेमसमोर Take action दाबा. साधारण तीन रस्ते मिळतात.

Trim out segment म्हणजे तो तुकडा चित्रासकट कापून टाकणं. आपल्या उदाहरणात 5:12 ते 6:05, म्हणजे जवळपास 53 सेकंद जातील आणि नेमकी त्याच वेळात तुम्ही चेनची पिन कशी काढायची ते दाखवत असाल तर व्हिडिओचा जीवच गेला. ट्रिम तेव्हाच करा जेव्हा तो भाग नसला तरी चालेल, शेवटी वाजलेलं म्युझिक वगैरे. आणि ट्रिम केलं की पुढचं सगळं मागे सरकतं हे विसरू नका. डिस्क्रिप्शनमध्ये 6:30 ला चाप्टर दिला असेल तर तो आता 5:37 ला हवा, हे तुम्हालाच हाताने बदलावं लागतं, तसंच कमेंटमध्ये कुठे वेळ पिन केली असेल तीही.

Erase song म्हणजे फक्त गाणं पुसायचा प्रयत्न, बाकी बोलणं आणि आवाज ठेवून. आपल्या उदाहरणाला हेच आधी करून बघायचं. इथे दोन पोट-पर्याय असतात, एक फक्त गाणं काढणारा आणि दुसरा त्या तुकड्यातला सगळाच आवाज बंद करणारा. पहिला नेहमीच जमतो असं नाही. गाणं हळू आवाजात मागे असेल आणि तुम्ही माइकजवळ स्पष्ट बोलत असाल तर बऱ्यापैकी निघतं, पण गाणं बोलण्याइतकंच मोठं असेल तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो किंवा शब्दांची टोकं खाल्ली जातात. सेव्ह करण्याआधी प्रीव्ह्यू पूर्ण ऐका, नुसते पहिले पाच सेकंद नाही, सगळे 53 सेकंद, कारण गाण्यात जिथे गायक जोरात येतो तिथेच तुमचं बोलणं बिघडण्याची शक्यता जास्त.

Replace song म्हणजे त्या जागी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं दुसरं म्युझिक टाकणं. जिथे नुसतं म्युझिक होतं, बोलणं नव्हतं, तिथे हे फार छान काम करतं. पण बोलणं असलेल्या भागात हे वापरलं तर गाण्याबरोबर तुमचा आवाजही जाऊ शकतो, तेव्हा इथेही आधी ऐकायचं मग दाबायचं. नवीन ट्रॅक निवडताना व्हिडिओच्या त्या भागाची गती बघा, शांतपणे पिन बसवताना ढोल वाजायला लागला तर बघणाऱ्याला खटकतं.

समजा इरेजने बोलणं खराब झालं, मग? मग त्या तुकड्यातला सगळा आवाज बंद करायचा आणि तेवढ्या भागाला सबटायटल्स लिहायच्या. 53 सेकंदांत माणूस जे बोलतो त्याच्या आठ-दहा ओळी होतात, फार काम नाही, आणि पायऱ्या दाखवणारा व्हिडिओ असेल तर वाचूनही समजतं. हे दिसायला आदर्श नाही पण लिंक आणि कमेंट्स वाचतात. अगदीच सहन होत नसेल तर मात्र मूळ प्रोजेक्टमधून आवाज नीट करून नवीन व्हिडिओ टाकावा लागेल, कारण यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल बसवता येत नाही.

सेव्ह केल्यावर प्रोसेसिंगला वेळ लागतो, कधी थोडक्यात होतं कधी काही तास, मोठ्या व्हिडिओला जास्त. तोपर्यंत लोकांना जुनाच व्हिडिओ दिसतो आणि तुम्हाला दुसरं एडिट करता येत नाही. घाबरून परत परत बटणं दाबू नका. झालं की तो क्लेम आपोआप यादीतून जातो. गेला नाही तर पहिली शंका ही की तेच गाणं व्हिडिओत अजून कुठेतरी आहे, जसं रेडिओवर ते 7:40 ला पुन्हा दोन ओळी वाजलं, आणि पानावर तीही वेळ दिलेली असते पण लोक पहिली वेळ बघून थांबतात.

मर्यादा दोन माहिती असू द्या. व्हिडिओ 6 तासांपेक्षा मोठा असेल तर एडिटरमध्ये बदल सेव्ह होत नाहीत. आणि व्हिडिओला 1 लाखापेक्षा जास्त व्ह्यूज असतील आणि चॅनल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये, म्हणजे कमाई मिळवून देणाऱ्या योजनेत, नसेल तर एडिटिंगवर बंधनं येऊ शकतात. म्हणजे व्हिडिओ चालायला लागायच्या आधी हे काम उरकलेलं बरं.

इंट्रोचा क्लेम डिस्प्यूट करायचा

आता दुसरा. लायसन्स घेतलेल्या म्युझिकवर क्लेम का येतो हे आधी समजून घ्या, कारण त्यावर काय लिहायचं ते ठरतं. दोन कारणं नेहमीची. एक, ती स्टॉक साइट किंवा तो संगीतकार स्वतःच आपलं म्युझिक Content ID मध्ये नोंदवून ठेवतो म्हणजे फुकट वापरणारे पकडले जातील, आणि सिस्टीमला तुम्ही सबस्क्राइबर आहात हे माहीत नसतं. दोन, तिसऱ्याच कुणीतरी तोच स्टॉकचा लूप आपल्या गाण्यात वापरला, गाणं एका डिस्ट्रिब्युटरमार्फत सगळीकडे टाकलं आणि ते Content ID मध्ये नोंदवलं गेलं, आणि आता तो लूप वापरणाऱ्या प्रत्येकावर त्याचा क्लेम जातोय. नियमाने जे म्युझिक एकट्या एकाचं नाही ते असं नोंदवायलाच नको, पण नोंदवलं जातं हे खरं.

पहिल्या प्रकारात डिस्प्यूटच्या आधी एक सोपा रस्ता आहे. दावा करणाऱ्याचं नाव त्या स्टॉक साइटचं किंवा ट्रॅकच्या पानावर लिहिलेल्या संगीतकाराचं असेल तर साइटवर जाऊन तुमचं चॅनल तुमच्या अकाउंटला जोडलेलं आहे का बघा. बऱ्याच सबस्क्रिप्शन साइट्सवर ही सोय असते आणि बहुतेकांची जोडणी राहिलेली असते किंवा भलतंच चॅनल जोडलेलं असतं. काही साइट्सवर क्लेम आलेल्या व्हिडिओची लिंक टाकायचीही जागा असते, तिथून ते स्वतःच क्लेम सोडतात आणि डिस्प्यूटची वेळच येत नाही.

दुसऱ्या प्रकारात, किंवा साइटकडून काहीच हललं नाही तर, डिस्प्यूट. पण बटण दाबायच्या आधी कागद जमवा. लायसन्स सर्टिफिकेट किंवा पावती, ट्रॅकचं नेमकं नाव जसं साइटवर आहे तसं, संगीतकाराचं नाव, लायसन्स नंबर किंवा ऑर्डर नंबर, डाउनलोडची तारीख, आणि लायसन्सच्या अटींमध्ये यूट्यूबवर व्हिडिओत वापरायला परवानगी आहे ते वाक्य. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण काही लायसन्समध्ये फक्त वैयक्तिक वापर असतो आणि तुमच्या व्हिडिओवर जाहिराती चालू असतात, मग तुमचीच बाजू लंगडी होते. सबस्क्रिप्शन बंद झालं असेल तर व्हिडिओ कधी पब्लिश केला ते बघा. साधारणपणे सबस्क्रिप्शन चालू असताना पब्लिश केलेले व्हिडिओ पुढेही कव्हर्ड असतात आणि नंतरचे नाहीत, पण प्रत्येक साइटच्या अटी वाचूनच ठरवा.

मग Take action मध्ये Dispute निवडा. कारण विचारतील: व्हिडिओतलं सगळं तुमचं स्वतःचं आहे, लायसन्स आहे, फेअर यूजसारखी कायद्यातली सूट आहे, की पब्लिक डोमेन म्हणजे आता कुणाचाच हक्क नसलेलं आहे. आपल्या उदाहरणात लायसन्स. पुढे मोकळी जागा मिळते, तिथे तुमचं म्हणणं शब्दांत मांडायचं, सर्टिफिकेटची फाइल तिथे जोडायची सोय नसते म्हणून त्यातले तपशील लिहूनच द्यायचे. दावा करणारा कुठल्या देशातला आहे माहीत नसतं म्हणून सोप्या इंग्रजीत लिहिलेलं बरं, मजकूर मात्र साधारण असा ठेवा:

"0:00 ते 0:38 मधलं संगीत अमुक नावाचा ट्रॅक आहे, संगीतकार अमुक. मी तो अमुक साइटवरून अमुक तारखेला माझ्या सबस्क्रिप्शनमधून डाउनलोड केला, लायसन्स नंबर अमुक. या लायसन्समध्ये यूट्यूब व्हिडिओत, जाहिरातींसह, वापरायची परवानगी आहे. ट्रॅकचं पान इथे आहे, लिंक अमुक. तुमच्या गाण्यात हाच स्टॉक ट्रॅक वापरलेला दिसतो. कृपया क्लेम सोडावा."

एवढंच. खाली भावनिक परिच्छेद नको, तुम्ही चोर आहात वगैरे नको, मी गरीब क्रिएटर आहे तेही नको. हे वाचणारा माणूस दिवसभर असे डिस्प्यूट्स बघत असतो, त्याला एका मिनिटात तपासता येईल असं द्या म्हणजे तो सोडून देतो. शेवटी पूर्ण नाव टाइप करून सही करायची असते आणि तुमचं म्हणणं दावा करणाऱ्याला दिसतं, हे लक्षात ठेवून लिहा.

वेळेचं गणित असं आहे. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. तो क्लेम सोडू शकतो, किंवा क्लेम बरोबर आहे म्हणून कायम ठेवू शकतो, किंवा थेट टेकडाऊन पाठवू शकतो, किंवा काहीच करत नाही आणि 30 दिवस संपले की क्लेम आपोआप सुटतो. चॅनल पैसे कमावणारं असेल तर 5 दिवसांची खूणगाठ बांधा: क्लेम आल्यापासून 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट केलं तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात आणि शेवटी ज्याच्या बाजूने निकाल लागेल त्याला मिळतात. 5 दिवसांनंतर केलं तर डिस्प्यूट केल्या दिवसापासूनचेच. नवीन व्हिडिओला बरेच व्ह्यूज पहिल्या काही दिवसांतच येतात, म्हणून कागद शोधत आठवडा घालवला तर नुकसान होतं, आणि म्हणूनच लायसन्सच्या फाइल्स प्रत्येक व्हिडिओच्या फोल्डरमध्येच ठेवायची सवय लावा.

डिस्प्यूट नाकारला तर

इथे थांबून विचार करायचा, कारण इथून पुढे स्ट्राइकचा रस्ता सुरू होतो. नाकारल्यावर अपील करता येतं, त्याला उत्तर द्यायला दावा करणाऱ्याला 7 दिवस असतात. पण अपीलही त्याला मान्य नसेल तर त्याच्याकडे क्लेम सोडणं किंवा टेकडाऊन रिक्वेस्ट पाठवणं एवढंच उरतं, आणि टेकडाऊन वैध ठरली तर व्हिडिओ खाली उतरतो आणि चॅनलवर स्ट्राइक येतो. कधीकधी टेकडाऊन 7 दिवस पुढे ढकलून पाठवली जाते, त्या 7 दिवसांत तुम्ही अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळतो, तेव्हा असा मेल आला तर तो बाजूला ठेवू नका.

त्याच्याही पुढे काउंटर नोटिफिकेशन असतं, म्हणजे उतरवलेला व्हिडिओ परत लावा अशी मागणी, ते सरळसरळ कायदेशीर कागद आहे, त्यात तुमचं खरं नाव-पत्ता जातो आणि तो दावा करणाऱ्याला पाठवला जातो, आणि मग कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला त्याला कामाचे 10 दिवस मिळतात. लायसन्स स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही, पण हे पाऊल 38 सेकंदांच्या इंट्रोसाठी उचलायचं का हा प्रश्न स्वतःला विचारा. माझं मत स्पष्ट आहे: कागद हातात असेल तर अपीलपर्यंत नक्की जा आणि सोबत स्टॉक साइटच्या सपोर्टलाही लिहा, कारण त्यांचंच म्युझिक कुणीतरी चुकीचं नोंदवलंय आणि ते त्यांनाही सोडवायचंच असतं. कागदात शंका असेल तर अपील न करता गाणं बदला. ब्लॉक केलेल्या व्हिडिओसाठी डिस्प्यूट वगळून थेट अपील करायचा पर्यायही दिसतो, Escalate to appeal नावाचा, त्याने 30 दिवसांऐवजी 7 दिवसांत निकाल लागतो, पण टेकडाऊनची पायरीही तेवढीच जवळ येते. खात्री शंभर टक्के असेल तरच.

जुन्या संगीताचा फसवा प्रकार

पब्लिक डोमेनवरून फार जण चुकतात म्हणून हे वेगळं सांगतो. बीथोवेन 1827 मध्ये गेला, त्याच्या रचनांवर आता कुणाचा हक्क नाही, हे बरोबर. पण तुम्ही वापरलं ते कुणीतरी काही वर्षांपूर्वी पियानोवर वाजवून स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं असेल तर त्या रेकॉर्डिंगवर हक्क आहेच. तिथे "रचना दोनशे वर्षं जुनी आहे" असं लिहून डिस्प्यूट केलं तर हरणार. उलट तुम्ही स्वतः पियानोवर वाजवलं आणि सिस्टीमला ते एखाद्या अल्बममधल्या वाजवण्यासारखं वाटलं, हेही होतं कारण स्वर तेच आणि ताल जवळपास तोच, तर डिस्प्यूट नक्की करा, लिहा की रचना पब्लिक डोमेन आहे आणि वादन माझं स्वतःचं आहे, अमुक तारखेला रेकॉर्ड केलंय. वाजवताना हात दिसतायत असा व्हिडिओ असेल तर ते सेकंदासकट सांगा.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर म्यूट झालं तर

तिथे सहसा क्लेमपेक्षा थेट आवाज बंद झाल्याचं नोटिफिकेशन येतं, कधी पूर्ण, कधी फक्त त्या तुकड्याचा, कधी काही देशांपुरताच. नोटिफिकेशन उघडून कुठला तुकडा आणि कुठलं गाणं ते बघा. हक्क तुमचा असेल तर तिथूनच डिस्प्यूट पाठवता येतं, तेच तपशील द्यायचे. नसेल तर मूळ फाइलमधून गाणं काढून परत टाकणं हाच बऱ्याचदा सरळ उपाय ठरतो. बिझनेस अकाउंट असेल तर एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा, अ‍ॅपच्या लायब्ररीतली गाजलेली गाणी धंद्याच्या वापरासाठी नसतात, म्हणूनच ती बिझनेस अकाउंटला दिसतही नाहीत किंवा नंतर म्यूट होतात. त्यासाठी मेटाचं Sound Collection आहे, ते वापरा. आणि इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतलं गाणं लावून बनवलेली रील डाउनलोड करून यूट्यूबवर टाकली तर ती परवानगी सोबत येत नाही, ती फक्त त्या प्लॅटफॉर्मपुरती असते. शॉर्ट्सबाबतही जपून, 1 मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर Content ID क्लेम आला तर तो ब्लॉकच होतो, म्हणजे पैसे जातील पण व्हिडिओ राहील अशी सूट तिथे नाही.

पुढच्या व्हिडिओसाठी दोन सवयी

अपलोड करताना थेट पब्लिक करू नका, आधी अनलिस्टेड किंवा प्रायव्हेट ठेवा. अपलोडच्या पायऱ्यांमध्ये Checks नावाची एक पायरी येते, तिथे कॉपीराइटची तपासणी पूर्ण होऊ द्या, क्लेम असेल तर तिथेच दिसतो आणि लोकांनी बघायच्या आधी गाणं बदलून मोकळे होता. मात्र तिथे हिरवी खूण आली म्हणजे कायमचं सुटलो असं नाही, कारण नवीन गाणी रोज नोंदवली जातात आणि सिस्टीम जुने व्हिडिओही तपासते, म्हणून वर्षभराने अचानक क्लेम येऊ शकतो.

दुसरी सवय एडिटिंगची. बोलणं एका ट्रॅकवर, म्युझिक दुसऱ्या ट्रॅकवर, कधीच एकत्र करून प्रोजेक्ट डिलीट करू नका, आणि एक्सपोर्ट करताना म्युझिकशिवायची एक प्रत वेगळी काढून ठेवा. रेडिओसारखं मागे वाजणारं गाणं मात्र बोलण्याच्याच ट्रॅकमध्ये रेकॉर्ड झालेलं असतं, ते असं वेगळं होत नाही, तेव्हा शूटिंग सुरू करायच्या आधी हेडफोन लावून दहा सेकंदांची चाचणी रेकॉर्डिंग ऐका आणि मागे काही वाजत असेल तर ते बंद करायला सांगा.